वेळ बदलून मागताना

चि. सोनू हिस,


गोव्याच्या चर्चासत्राच्या समन्वयक मॅडमना पाठवायचा मजकूर तू आधी माझ्याकडे पाठवलास, ते बरं केलंस. कॉलेजातून निवृत्त होईपर्यंत अशा चर्चासत्रांची वेळापत्रकं मीच लावत असे. वक्त्यांच्या विनंत्या यायच्या तेव्हा मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला असायची, आणि तुला सांगायचं आहे ते तिथूनच.

तू लिहिलं आहेस : 'माझी १८ तारखेची लंडनची फ्लाइट असल्यामुळे माझा निबंध शक्यतो लवकर घ्यावा, दुपारपर्यंत चालेल, गैरसोयीबद्दल मनापासून क्षमस्व.' भाषा गोड आहे, पण या मजकुरावर समन्वयकांना काहीच करता येणार नाही. चर्चासत्र शुक्रवार १६ आणि शनिवार १७चं. तुझा निबंध शनिवारी चौथ्या सत्रात. १८ तारखेची फ्लाइट असं वाचून त्या म्हणतील की मुलगी रविवारी जाणार आहे, मग शनिवारच्या संध्याकाळची अडचण कसली? तुझं विमान रात्री २.३५चं. तिकिटावर १८ तारीख असली तरी आपल्या बोलण्यात ती शनिवारचीच रात्र. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानांच्या बाबतीत हा घोटाळा नेहमी होतो. म्हणून तारीख आणि वार दोन्ही लिही, आणि 'शनिवारची रात्र उलटल्यावर' हे शब्द घाल. शिवाय लंडनच्या विमानाची वेळ त्यांना कळून फारसा उपयोग नाही. तुला गोव्याहून केव्हा निघायचं आहे ते त्यांना कळायला हवं. तुझ्या मजकुरात मोप्याच्या विमानाचा उल्लेखच नाही.

'लवकर' आणि 'दुपारपर्यंत' यांचंही तेच. दुपारपर्यंत म्हणजे बाराला संपवायचं, की चारपर्यंत बसता येईल? वेळापत्रक लावणाऱ्याला एक नेमकी वेळ लागते, आणि ती आपण शोधून द्यायची असते. ती शेवटापासून मागे येत काढायची. तुझ्याच प्रवासावर करून दाखवते, म्हणजे पुढच्या वेळी तुझी तू करशील.

लंडनचं विमान रात्री २.३५ला सुटतं. सामान घेणारा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे १.३५. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी या असं सांगतात, म्हणजे रात्री ११.३५. मोप्याहून तुझं विमान ६.४०ला निघून आठच्या सुमारास मुंबईत टर्मिनल १ला उतरतं. लंडनचं सुटतं टर्मिनल २वरून. दोन्ही एकाच विमानतळाची नावं असली तरी बाहेर पडून रस्त्याने जावं लागतं. बॅग यायला अर्धा तास, टॅक्सीने पलीकडे जायला अर्धा तास, असं धरलं तर तू नऊला टर्मिनल २च्या दारात असशील. हातात अडीच तास उरतात. हे पाहून तुला वाटेल की इतका वेळ आहे तर गोव्याहून रात्री सव्वानऊचं विमान घ्यावं आणि कोणाला त्रासच देऊ नये. तो विचार मीही करून पाहिला, कारण समन्वयकांना लिहिण्याआधी आपलं तिकीट हलतं का ते पाहणं हे आपलं काम आहे.

पण तुझी दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली आहेत. एकाच तिकिटावर दोन विमानं असती आणि पहिलं उशिरा आलं असतं, तर पुढच्या विमानाची सोय लावून देणं कंपनीवर आलं असतं. वेगळ्या तिकिटांत लंडनच्या कंपनीच्या लेखी तू फक्त न आलेली प्रवासी ठरतेस आणि तिकीट वाया जातं. सव्वानऊचं विमान वेळेवर आलं तरी पावणेअकराला मुंबई, बॅग आणि टॅक्सी धरून पावणेबारा. काउंटर बंद व्हायला एक तास पन्नास मिनिटं. म्हणजे विमान दोन तास रखडलं की संपलं. जानेवारीत उत्तरेत धुकं पडतं, सकाळी दिल्लीला अडकलेलं विमान दिवसभर प्रत्येक मुक्कामावर उशीर करत जातं, आणि रात्रीच्या फेरीवर तो सगळा उशीर येऊन बसतो. म्हणून ६.४०चं विमान सोडू नकोस. तिकीट बदलण्याचा पर्याय मी पाहिला आणि तो का घेता येत नाही हे मला ठाऊक आहे, असं तुला स्वच्छ मनाने म्हणता यायला हवं. सविस्तर मात्र विचारलं तरच सांग. पत्रात त्याचं एक वाक्य पुरे.

आता ६.४०पासून मागे ये. देशांतर्गत विमानाचंही सामान साधारण तासभर आधी घ्यायचं बंद होतं. ५.४०. रांग धरून तू ५ला, खरं तर ४.४५ला, तिथे असायला हवंस. चर्चासत्र आहे त्या ताळगावच्या पठारावरून मोपा चाळीसेक किलोमीटर. मांडवीचा पूल ओलांडून पर्वरी, म्हापसा, मग पेडण्याकडे. रस्ता मोकळा असला तर तासाभरात होतो, पण पर्वरीच्या पट्ट्यात गाड्या तुंबतात आणि तुझा दिवस शनिवारचा. दीड तास धर. म्हणजे सव्वातीनला गाडीत बसायचं, आणि त्यासाठी बोलणं तीनला संपायला हवं. ही तुझी वेळ : शनिवारी दुपारी ३.

यात विमानतळाचं नाव लिहिणं फार महत्त्वाचं आहे. जानेवारी २०२३पासून गोव्याला दोन विमानतळ आहेत. दाबोळी दक्षिणेला, जुवारीच्या पलीकडे. मोपा अगदी उत्तरेला, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ. नुसतं 'गोवा विमानतळ' लिहिलंस तर जुना माणूस दाबोळीच धरेल. तुझा निबंध चौथ्या सत्रात तिसरा, साधारण ४.०० ते ४.२०. दाबोळी मनात धरणारा म्हणेल, साडेचारला निघाली तर साडेपाचच्या आत पोचेल, अडचण काय आहे? आणि दाबोळीसाठी ते खरंही आहे. मोप्यासाठी साडेचारला निघालेला माणूस साडेपाचला नशिबाने पोचेल, आणि सहाला पोचला तर बॅग हातात घेऊन उभा राहील. मॅडम तुझ्यावर अविश्वास दाखवणार नाहीत, पण मनातल्या मनात हिशोब करतील. तो हिशोब योग्य विमानतळाचा असू दे.

दुसरी गोष्ट, 'तीनच्या आत' असं लिहू नकोस. त्याचा अर्थ कोणी २.५०ला सुरुवात असाही करतो. 'माझं बोलणं आणि प्रश्नोत्तरं धरून तीनला संपायला हवं' असं लिही. आपल्या मराठी चर्चासत्रांत तिन्ही निबंध वाचून झाल्यावर शेवटी एकत्र चर्चा घेतात. इथेही तसंच दिसतं : वीस वीस मिनिटांचे तीन निबंध आणि पंधरा मिनिटं चर्चा. म्हणजे निबंध संपला तरी तू मोकळी होत नाहीस. चर्चेआधी उठून गेलीस तर तुझ्या निबंधावरचे प्रश्न तुझ्या पाठीमागे विचारले जातील, आणि त्याची चुटपुट विमानात बसल्यावर लागते. सत्राच्या शेवटापर्यंत थांबता येईल अशीच जागा माग.

आता कोणती जागा मागायची. शनिवारचं तिसरं सत्र कागदावर १.४५ ते ३.००. वेळेत बसतं असं वाटतं, पण तिथे मी जाणार नाही. जेवणाची सुट्टी कागदावर एक तासाची असते, प्रत्यक्षात मंडळी पानावरून उठून, चार लोकांशी बोलून सभागृहात येईपर्यंत वीस मिनिटं, कधी अर्धा तास जातो, आणि तिसरं सत्र त्या उशिरासकट सुरू होतं. तीनचं सत्र साडेतीनला संपलं तर तुझा सगळा हिशोब मोडतो. ते सत्र घ्यावंच लागलं तर त्यात पहिला निबंध तुझा असावा, आणि तुझ्यावरचे प्रश्न लगेच घ्यावेत असं सत्राध्यक्षांना आधी सांगून ठेवावं. सकाळची दोन्ही सत्रं त्यापेक्षा बरी. शुक्रवारी तू सकाळी पोचतेस, म्हणून शुक्रवारी दुपारी १.४५पासून पुढची कोणतीही वेळही चालेल. खिडकीच्या दोन्ही कडा लिही, नुसती शेवटची नको. सुरुवातीची कड न लिहिल्यामुळे वक्त्याला गावात पोचण्याआधीच्या सत्रात टाकलं गेल्याचं मी पाहिलं आहे, आणि मग सगळं पुन्हा हलवावं लागतं.

तुझ्या निबंधाची एक चांगली बाजू इथे कामाला येते. तुझा विषय फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाचा. १६१६च्या रायतूरच्या छपाईचा उल्लेख शीर्षकात आहे, म्हणून तुला चौथ्या सत्रात, गोव्यातल्या छापखान्यांच्या निबंधांबरोबर ठेवलेलं दिसतं. पण निबंधाचा मोठा भाग लंडनच्या सोआसमधल्या मार्सडेन संग्रहातल्या देवनागरी प्रतीवर आहे, आणि शनिवारचं दुसरं सत्र, ११.३० ते १२.४५, हस्तलिखितांचंच आहे. तिथे तू अगदी शोभशील. हे जरूर सांग. वेळापत्रक लावताना निबंध हलवणं अवघड नसतं. अवघड असतं ते हलवल्यावर सत्र विस्कळीत दिसू न देणं. विषयाच्या आधाराने हलवता येत असेल तर त्यांचं निम्मं काम तू केलंस. फक्त 'माझा निबंध चुकीच्या सत्रात आहे' असा सूर नको. तो चुकीच्या सत्रात नाही, दोन्हीकडे बसतो.

पलीकडे काय चालतं ते थोडं सांगते, म्हणजे मागणी किती मोठी आहे याचा तुला अंदाज येईल. तुला दुसऱ्या सत्रात आणायचं तर तिथल्या तिघांपैकी एकाला चौथ्यात जावं लागेल, कारण चौथा निबंध घातला तर चर्चा मरते. जो जाईल त्याची परतीची गाडी पाहावी लागते. दुसऱ्या सत्राचा अध्यक्ष तुझा मार्गदर्शक किंवा सहलेखक नाही ना, हे पाहावं लागतं. समांतर सत्रं असतील तर जो हलला तो त्याच वेळी दुसऱ्या दालनात अध्यक्ष तर नाही, हेही. मग कार्यक्रमपत्रिका, दारावरचा फलक, सूत्रसंचालकाची ओळखीची पानं, सगळीकडे बदल. हे सगळं होतं, रोज होतं, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. पण पत्रिका छापायला जाण्याआधी ते संगणकावरचं काम असतं आणि छापल्यावर माणसांना पुन्हा पुन्हा सांगण्याचं. तुझ्याकडे कच्चं वेळापत्रक परवा आलं. आज लिही.

दुसऱ्या सत्रातल्या त्या नागपूरच्या मुलाला तू ओळखतेस, आणि त्याच्याशी परस्पर अदलाबदल ठरवून मगच कळवावं असं तुझ्या मनात आहे. तसं करणारे बरेच असतात आणि मदत होईल असं त्यांना खरंच वाटतं. मला ते पटत नाही. त्याला सकाळीच का ठेवलं आहे हे तुला ठाऊक नाही. त्याचीही शनिवारी संध्याकाळची गाडी असू शकते आणि मैत्रीखातर तो हो म्हणेल. किंवा त्याच्या निबंधावर बोलायला मुद्दाम बोलावलेला कोणी जेवणानंतर निघून जाणार असेल. आधी समन्वयकांना विचार. त्या म्हणाल्या की तूच बोलून बघ, तर मग बोल.

फोन करायचा का, असंही विचारलं आहेस. कर, मॅडम मोठ्या आहेत, फोनवर दोन शब्द बोलणं चांगलं दिसतं. पण लेखी मजकूर त्याच दिवशी गेला पाहिजे. वेळापत्रक बहुतेक वेळा समन्वयक स्वतः लावत नाहीत, विभागातला एखादा तरुण प्राध्यापक लावतो, आणि फोनवर तू काय बोललीस ते त्याच्यापर्यंत 'तिला लवकर जायचं आहे' एवढंच पोचतं. ईमेल मात्र जशीच्या तशी त्याच्याकडे जाते. म्हणून मजकूर असा असावा की तुला न ओळखणाऱ्या माणसाने एकट्याने वाचला तरी त्याला काम करता यावं. वक्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नकोस. तिथे एकाने वेळ मागितली की आणखी चार जणांना आपापल्या गाड्या आठवतात, आणि जी गोष्ट निमूटपणे झाली असती तिचा सगळ्यांसमोर नियम करावा लागतो.

तिकिटाचा फोटो जोडू नकोस. तो पुरावा म्हणून जोडावासा वाटतो, पण कोणी पुरावा मागितलेला नाही. शिवाय तिकिटावरचा पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर कोणालाही तुझं बुकिंग उघडून पाहता येतं, आणि असे मेल किती जणांकडे पुढे जातात याला हिशोब नसतो. प्रवासखर्चासाठी तिकीट द्यायचं असेल तर ते लेखा विभागाकडे वेगळं दे.

मी लिहिलं असतं तर असं लिहिलं असतं. विषयाच्या ओळीतच काम सांग : 'शनि. १७, सत्र ४, निबंध ३ : वेळ बदलण्याची विनंती (३ पर्यंत मोकळी व्हायला हवे)'. आणि खाली :

'आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार.

कच्चे वेळापत्रक मिळाले. माझा क्रिस्तपुराणावरील निबंध शनिवार, १७ रोजी चौथ्या सत्रात तिसरा आहे. त्याच दिवशी सायंकाळी ६.४०ला मोपा विमानतळावरून माझे मुंबईचे विमान आहे. शनिवारची रात्र उलटल्यावर २.३५ला (रविवार, १८) मुंबईहून लंडनला जायचे आहे. दोन्ही तिकिटे स्वतंत्र असल्याने गोव्याहून नंतरचे विमान घेणे जोखमीचे ठरते. मोप्याला वेळेत पोचण्यासाठी मला ३.१५ला निघावे लागेल.

म्हणून निबंध व चर्चा धरून शनिवारी दुपारी ३ पर्यंत मी मोकळी होईन अशी वेळ मिळावी, ही विनंती. शुक्रवारी दुपारी १.४५पासून शनिवारी ३ पर्यंत कोणतीही वेळ चालेल. निबंधाचा बराच भाग मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितावर असल्याने शनिवारचे दुसरे सत्रही विषयाला धरून होईल. त्यासाठी कोणाशी बोलायचे असल्यास सांगावे, मी बोलेन. तसेच नव्या सत्राला साजेसा सारांश लगेच पाठवीन.

बदल शक्य नसल्यास कृपया सोमवारपर्यंत कळवावे. तोपर्यंत लंडनच्या विमानाची तारीख बदलता येईल का ते पाहून ठेवते.

आपली नम्र,'

आणि खाली तुझं नाव आणि फोन. यात क्षमस्व एकदाही नाही, ते मुद्दाम. 'विनंती' शब्दात ते आलं. माफीची तीन वाक्यं आली की वाचणाऱ्याला आधी तुझी समजूत काढावी लागते आणि मग तो वेळेकडे वळतो. सोमवार का लिहिला तेही त्यांना दिसेल : तुला दुसरी तयारी करायची आहे. तारीख न देता 'लवकरात लवकर कळवावे' लिहिलं की तो मेल सगळ्यात खाली जातो.

'ऑनलाइन बोलेन' किंवा 'कोणी माझा निबंध वाचून दाखवला तरी चालेल' हे पर्याय पहिल्या पत्रात घालू नकोस. दोन्ही खरे पर्याय आहेत आणि वेळ आली तर घ्यावेत. पण पहिल्याच पत्रात दिलेस तर दमलेला माणूस त्यातला सोपा उचलेल, आणि तुझ्याऐवजी पडद्यावरचा चेहरा किंवा दुसऱ्याचा आवाज त्या सभागृहात असेल. क्रिस्तपुराणावर बोलायला तू गोव्यात येते आहेस. त्या पठारावर बसलेल्या माणसांनी तुला समोर उभं राहून बोलताना ऐकावं असं मला फार वाटतं. म्हणूनच हे पत्र इतकं लांबलं.

बदल झाला की नव्या सत्राच्या अध्यक्षांना दोन ओळी लिही : मी हस्तलिखितांच्या सत्रात आले आहे, सव्वातीनला निघेन. छापलेल्या पत्रिकेत जुनं नाव जुन्याच जागी राहिलं तर शुक्रवारी नोंदणीच्या टेबलावर सांग, कारण सूत्रसंचालकाच्या हातात कदाचित तीच पत्रिका असेल आणि चौथ्या सत्रात तुझं नाव पुकारलं जाईल. टॅक्सी मात्र शुक्रवारी संध्याकाळीच ठरव. गोव्यात ओला-उबर चालत नाही, आणि विद्यापीठाच्या पठारावर शनिवारी दुपारी हात करून गाडी मिळेल या भरवशावर राहू नकोस. गोवामाइल्सवर मिळते, किंवा अतिथिगृहाच्या माणसाला सांग, त्याच्या ओळखीचा चालक असतो. त्याला 'मोपा' दोनदा सांग आणि सव्वातीन म्हण.

मजकूर पाठवलास की मला प्रत दे. मॅडमचं उत्तर आलं की तेही कळव, तिसरं सत्र दिलं तर काय करायचं ते आपण बोलू.

तुझी
मावशी